एक लॉट पास, पुढचा लॉट नापास: गिअर टूथ व्हर्नियरवर उंची कुठे चुकते

तक्रार अशी. तीन मॉड्यूल, वीस दात, २० अंश दाबकोन, साधा स्पर पिनियन, माल इएन ८. वर्षभर हाच जॉब हॉबिंगवर, म्हणजे हॉब या हत्याराने दात कापायच्या मशीनवर, चालू. ड्रॉइंगवर दाताची कॉर्डल जाडी ४.६० ते ४.६६ दिलेली. एक लॉट निघतो, सगळे नग ४.६२-४.६४ दाखवतात, माल जातो, पार्टी खूश. पुढच्या लॉटला तोच हॉब, तेच मशीन, डायल जागची हललेली नाही, आणि पहिलाच नग ४.५८ दाखवतो. दुसरा ४.५८. चौथ्या नगाला हॉबिंगवरचे काका वैतागून म्हणतात, "हॉब झिजतो म्हणजे दात जाड व्हायला हवा, इथं बारीक कसा होतोय?" प्रश्न अगदी बरोबर होता. पण उत्तर शोधायला त्या दिवशी कोणाला वेळ नव्हता. चार नग लाल क्रेटमध्ये टाकले, हॉब ०.०७ मागे घेतला, रीडिंग परत ४.६२ आलं, लॉट पूर्ण केला.

पंधरा दिवसांनी पार्टीचा फोन आला: पिनियन जोडीत जड फिरतोय. जाम नाही, पण एका फेऱ्यात एका जागी हाताला लागतो. आमच्या रिपोर्टवर प्रत्येक नग मर्यादेत.

हे आमच्याकडे तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी बसून मुळाशी गेलो. आधीच्या दोन्ही वेळी हॉबवर, एकदा तर उन्हाळ्यावर खापर फोडलं होतं. खरा दोष होता प्रोसेस शीटवरच्या एका आकड्यात आणि टर्निंगच्या एका सवयीत. दोन्ही चुका एकत्र आल्या की एकमेकींना खाऊन टाकायच्या आणि माल पास व्हायचा. एक चूक सुधारली की दुसरी उघडी पडायची. म्हणून "कधी येतं, कधी नाही."

व्हर्नियर नक्की काय मोजतो

गिअर टूथ व्हर्नियरला दोन पट्ट्या असतात. उभ्या पट्टीवर एक जीभ सरकते, ती दाताच्या शेंड्यावर टेकते. आडव्या पट्टीचे दोन जबडे त्या शेंड्यापासून ठरलेल्या खोलीवर दाताच्या दोन्ही बाजूंना लागतात. तीन मॉड्यूलच्या वीस दाती पिनियनचा शेंडा जेमतेम दोन मिलिमीटर रुंद असतो. सगळं मोजमाप त्या दोन मिलिमीटरवर उभं असतं. जीभ तिथे कशी टेकली आणि किती खाली लावलेली होती, यावर जाडीचा आकडा ठरतो. हे उपकरण जाडी मोजतं खरं, पण आधी तुम्ही सांगितलेल्या उंचीवर विश्वास ठेवून मोजतं.

आता दाताची जाडी पिच सर्कलवर असते मॉड्यूल गुणिले पायचा निम्मा, म्हणजे इथे ४.७१२. पण ही वर्तुळाच्या कंसावरची लांबी आहे. जबडे कंस मोजू शकत नाहीत, ते सरळ रेषेत, म्हणजे जीवेवर मोजतात. वीस दातांना दाताच्या निम्म्या जाडीचा कोन ९० भागिले २०, म्हणजे ४.५ अंश. जीवा येते ६० गुणिले साइन ४.५, म्हणजे ४.७०८. बॅकलॅशसाठी, म्हणजे जोडीतल्या दातांमध्ये थोडी मोकळी जागा राहावी यासाठी, दात थोडा बारीक ठेवायचा म्हणून ड्रॉइंगवर त्यातून कमी करून ४.६० ते ४.६६ दिलंय.

कंस आणि जीवा यांतला फरक किती? पाच मायक्रॉन. आमच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट ०.०२ आहे. म्हणजे जाडीसाठी कोणी कंसाचा आकडा धरला तरी या उपकरणावर कळणारही नाही. आयटीआयमध्ये आम्ही साइनचं सूत्र पाठ करायचो आणि त्याच्या शेजारचं कोसाइनचं सूत्र परीक्षेपुरतं बघायचो. प्रत्यक्षात उलट करायला हवं होतं. गोंधळ जाडीत होत नाही, उंचीत होतो.

जीवेचा मध्य पिच सर्कलच्या आत असतो. कंसाला फुगा असतो ना, तेवढा आत. त्यामुळे शेंड्यापासून जीवेपर्यंतची उंची ही ॲडेंडमपेक्षा, म्हणजे मॉड्यूलपेक्षा, त्या फुग्याएवढी जास्त भरते. आपल्या पिनियनला पिच त्रिज्या ३०. तीस गुणिले कोसाइन ४.५ म्हणजे २९.९०७५. शेंड्याची त्रिज्या ३३. वजाबाकी ३.०९२. हे कॉर्डल ॲडेंडम. तीन नव्हे, तीन पॉइंट शून्य नऊ.

०.०९२ म्हणजे व्हर्नियरच्या चार-साडेचार रेघा. आणि आमच्या प्रोसेस शीटवर कोणीतरी, बहुतेक जॉब पहिल्यांदा आला तेव्हा, सरळ "उंची ३.००" लिहून ठेवलं होतं. मॉड्यूल तीन, ॲडेंडम तीन, काम झालं. लिहिणाऱ्याला दोष देत नाही. साठ दातांच्या गिअरला हाच फुगा ०.०३ येतो, तिथे ही चूक सहज झाकली जाते. बारा दातांना ०.१५ येतो. मोठ्या गिअरवर काम केलेला माणूस पिनियनवर आला की हमखास इथे अडकतो.

उंची चुकली तर जाडी किती चुकते

इथे मी स्वतः एकदा फसलोय म्हणून जरा थांबून सांगतो. २० अंश दाबकोन, म्हणून उंचीतल्या चुकीला दुप्पट टॅन २० ने, म्हणजे ०.७३ ने गुणायचं, असं शॉपमध्ये सर्रास म्हणतात. हॉब आत-बाहेर करण्यासाठी तो आकडा बरोबर आहे: हॉब ०.१० आत घेतला की दात साधारण ०.०७ बारीक होतो. पण व्हर्नियरची जीभ खालीवर केल्यावर तो आकडा लागू पडत नाही.

कारण दाताचा उतार २० अंश असतो तो त्या बिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येशी, आणि ती त्रिज्या दाताच्या मध्यरेषेपासून आपल्या पिनियनला ४.५ अंश बाहेर झुकलेली असते. व्हर्नियर मध्यरेषेला समांतर सरकतो. त्याला दिसणारा उतार २० वजा ४.५, म्हणजे १५.५ अंश. टॅन १५.५ म्हणजे ०.२७७, दोन्ही बाजू मिळून ०.५५. म्हणून वीस दातांना उंची ०.१० चुकली की जाडी ०.०५५ चुकते. दात वाढत गेले की हा आकडा हळूहळू ०.७३ कडे सरकतो.

दिशाही पक्की डोक्यात असू द्या. उंची कमी लावली की जबडे शेंड्याकडे, जिथे दात निमुळता होतो तिथे लागतात, आणि रीडिंग बारीक येतं. उंची जास्त लावली की जबडे मुळाकडे जातात आणि रीडिंग जाड येतं. दात तोच, आकडा वेगळा.

आपल्या केसमध्ये ३.०९२ ऐवजी ३.०० लावलं. ०.०९२ गुणिले ०.५५ म्हणजे ०.०५१. दात खरा ४.६३ जाडीचा असताना व्हर्नियर ४.५८ दाखवणार. लाल क्रेटमधले ते चार नग आठवले का? ते चारही चांगले होते.

मग आधीचा लॉट पास कसा झाला

हाच प्रश्न मला दोन दिवस झोपू देत नव्हता. उंची आधीच्या लॉटलाही ३.०० च लावलेली होती. तरी रीडिंग ४.६२ ते ४.६४ आणि पार्टीकडे जोडी गुळगुळीत फिरली. म्हणजे तो माल खरोखर बरोबर होता.

उत्तर टर्निंगच्या रजिस्टरमध्ये सापडलं. दात कापण्याआधीच्या ब्लँकचा बाहेरचा व्यास, म्हणजे ओडी, ड्रॉइंगवर ६६ एच ११ आहे, म्हणजे ६६.०० पासून खाली ६५.८१ पर्यंत चालते. जुना टर्नर खालच्या टोकाकडे घ्यायचा. त्याचा हिशेब साधा: ओडी मोठी झाली तर शिव्या, छोटी झाली तर कोणी विचारत नाही. त्या लॉटची नोंद ६५.८२, ६५.८२, ६५.८४ अशी. पुढच्या लॉटला सीएनसीवर नवीन पोरगं आलं, त्याने कामाची शान म्हणून ओडी बरोबर ६६.०० वर धरली. सगळे नग ६५.९९-६६.००. टर्निंग इन्स्पेक्शनवाल्याने त्याची पाठ थोपटली होती.

आता जीभ शेंड्यावर टेकते हे लक्षात घ्या. ओडी ६५.८२ असेल तर शेंडा ०.०९ खाली आलेला असतो. शेंडा खाली आला, जीभ खाली आली, जबडे खाली गेले. अशा नगाला पिच सर्कलच्या जीवेपर्यंत पोचायला उंची लागते ३२.९१ वजा २९.९०७५, म्हणजे ३.००२. शीटवर होतं ३.००. चुकीची उंची चुकीच्या ओडीला मापात बसली होती. तीन मायक्रॉनच्या आत!

ओडी सुधारली तशी उंचीची चूक उघडी पडली. आणि ती "बारीक दात" म्हणून दिसल्यामुळे काकांनी हॉब ०.०७ मागे घेतला. ०.०७ गुणिले ०.७३ म्हणजे ०.०५. व्हर्नियर परत ४.६३ च्या आसपास आला, पण दात खरा झाला ४.६८. वरच्या मर्यादेपेक्षा एक रेघ जाड. बॅकलॅशसाठी ठेवलेल्या जागेतली बरीचशी गेली, त्यात पिनियनचा नेहमीचा रनआऊट आला, आणि फेऱ्यात एका जागी जोडी जड झाली.

याचा आणखी एक अवतार आमच्या शेजारच्या शॉपमध्ये पाहिला आहे. तिथे उंची ३.०९ बरोबर लावलेली, पण ब्लँक ६५.८० चे. जबडे ०.१० खाली गेल्यामुळे व्हर्नियर ०.०५५ जाड दाखवायचा, ऑपरेटर हॉब आणखी आत घालायचा, आणि दात खरोखर बारीक निघायचे. जोडी खडखडायची. म्हणजे नुसतं सूत्र बरोबर लावून भागत नाही. ओडी न मोजता लावलेलं बरोबर सूत्रही चुकीचा माल देऊ शकतं, आणि हे जास्त वाईट, कारण जाड दात पुन्हा कापता येतो, बारीक झालेला भरून निघत नाही.

पकडायचं कसं

व्हर्नियर खरं बोलतोय की खोटं, हे व्हर्नियरनेच तपासता येत नाही. ओडीवर न टेकणारं दुसरं माप हवं. आमच्याकडे चकती जबड्यांचा मायक्रोमीटर होता, त्याने तीन दातांवरचं स्पॅन माप घेतलं. हे माप दोन विरुद्ध बाजूंच्या इन्व्होल्यूटवर लागतं, शेंड्याशी त्याचा संबंध नाही, ओडी काहीही असो. आपल्या पिनियनला बॅकलॅश न धरता तीन दातांचं स्पॅन येतं २२.९८१. जाडी जेवढी कमी, त्याच्या ०.९४ पट स्पॅन कमी.

जुन्या लॉटचा एक नमुना नग कपाटात ठेवलेला असतो, तो मोजला: २२.९१. लाल क्रेटमधले चार: २२.९१, २२.९१, २२.९०, २२.९१. पार्टीकडून परत आलेले: २२.९५, २२.९६. तिथेच सगळं मिटलं. ४.६३ जाडीला स्पॅन २२.९०८ यायला हवं, ४.६८ ला २२.९५५. जो माल आम्ही रिजेक्ट केला तो जुन्या चांगल्या मालासारखा होता आणि जो पास केला तो जाड होता.

तुमच्याकडे असं काही घडत असेल तर पहिलं काम हेच करा. एकाच नगावर व्हर्नियर आणि स्पॅन दोन्ही घ्या. दोन लॉटमध्ये व्हर्नियरचं रीडिंग बदललंय आणि स्पॅन तेच आहे, तर हॉबला हात लावू नका, ओडी आणि उंची बघा. दोन्ही एका दिशेने सरकलेत, तर मात्र दात खरोखर बदललाय.

आता आम्ही काय करतो

कॉर्डल ॲडेंडमचं पाठ्यपुस्तकातलं सूत्र लांबलचक दिसतं, पण त्यात ओडी नाममात्र धरलेली असते हे कोणी सांगत नाही. मी ते प्रत्यक्ष ओडीवर आणून ठेवलं. शेंड्याची खरी त्रिज्या घ्या, त्यातून जीवेपर्यंतचं अंतर वजा करा, उरलं ते व्हर्नियरवर लावा. एवढंच. एक्सेलमध्ये A2 ला मॉड्यूल, B2 ला दात, C2 ला मोजलेली ओडी टाकली की पहिल्या ओळीतून लावायची उंची आणि दुसऱ्या ओळीतून बॅकलॅश न धरलेली कॉर्डल जाडी मिळते:

```
=C2/2-A2*B2/2*COS(RADIANS(90/B2))
=A2*B2*SIN(RADIANS(90/B2))
```

`RADIANS` विसरू नका. एक्सेलला अंश कळत नाहीत. हातातल्या कॅल्क्युलेटरवर करत असाल तर आधी साइन ३० दाबून बघा, ०.५ आलं तरच पुढे जा.

तपासणीसाठी दोन आकडे: ३, २०, ६६.०० टाकलं की उंची ३.०९२ आणि जाडी ४.७०८ यायला हवी. ६५.८२ टाकलं की उंची ३.००२, जाडी तीच.

उंची ३.०९२ आली तरी व्हर्नियरवर ती अचूक लागत नाही, ३.०८ आणि ३.१० च्या मध्येच कुठेतरी लावावी लागते. एका रेघेचा निम्मा फरक म्हणजे जाडीत पाच-सहा मायक्रॉन. त्याची चिंता करू नका, तुमच्या हाताच्या दाबाने त्यापेक्षा जास्त फरक पडतो.

प्रत्येक नगासाठी वेगळी उंची लावत बसायची गरज आहे का? नाही. ब्लँकची ओडी ०.०५ च्या पट्ट्यात धरली तर त्रिज्येत ०.०२५ आणि जाडीत ०.०१४ एवढाच फरक पडतो. आमच्या ०.०६ च्या सवलतीत तो चालून जातो. म्हणून टर्निंगला सांगितलं: ड्रॉइंग एच ११ देत असलं तरी आपण ६६.०० ते ६५.९५ मध्येच धरायचं, आणि लॉटची सरासरी ओडी कार्डावर लिहून हॉबिंगला द्यायची. शीटवर आता "उंची ३.००" नाही, "उंची कार्डावरील ओडीप्रमाणे" असं आहे. पोराने विचारलं, "मग ६६ ला धरलं ते चुकलं का दादा?" मी म्हटलं, तुझंच बरोबर होतं, बाकी सगळे चुकत होतो.

ओडी आणि उंची बरोबर असूनही जुळत नसेल तर

सगळ्यात आधी व्हर्नियरचं शून्य बघा, आणि दोन्ही पट्ट्यांचं बघा. आडव्याचं सगळे बघतात, जबडे मिटले की झालं. उभ्याचं कोणी बघत नाही. सरफेस प्लेटवर जबड्यांची टोकं उभी टेकवा, जिभेखाली ३ मिलिमीटरची स्लिप गेज सरकवा आणि जीभ हलकेच टेकवा. ३.०० दिसायला हवं. आमच्या जुन्या व्हर्नियरवर ३.०४ दिसलं. तेवढ्याने जाडी ०.०२ सरकते.

मग जबड्यांची टोकं. हा व्हर्नियर कायम टोकाच्या कोपऱ्यांवरच लागतो, त्यामुळे तिथेच झिजतो. जबडे मिटून ट्यूबलाइटसमोर धरा. वरची बाजू बंद आणि टोकाशी उजेडाची बारीक फट दिसली, तर शून्य बरोबर दाखवूनही दाताची जाडी कमी येणार, कारण झिजलेल्या जागेत दात थोडा आत शिरतो. शंका असेल तर माहितीतली डॉवेल पिन एकदा टोकाशी आणि एकदा वर धरून मोजा. फरक आला तर तो व्हर्नियर साध्या कामाला द्या.

बर ही तर रोजचीच गोष्ट. हॉबिंगनंतर शेंड्याच्या कडेला उरलेली ०.०५ ची बर जिभेला तेवढी उचलते आणि दात ०.०२८ बारीक दाखवते. जीभ टेकवण्याआधी शेंड्यावरून बारीक ऑइलस्टोन एकदा फिरवा आणि अंगठ्याने पुसा. शेंड्याला चॅम्फर असलेल्या गिअरवर त्रास नाही, जीभ मधल्या उंचवट्यावर टेकते. पण शेंडा पूर्ण गोल केलेला असेल तर ब्लँकच्या ओडीवरून काढलेली उंची भरवशाची राहत नाही.

आणि एकाच नगावर दात बदलला की रीडिंग बदलत असेल, तर तो वेगळा रोग. एका दातावर ४.६०, समोरच्या दातावर ४.६६, मधल्यांवर ४.६३ च्या आसपास: हा रनआऊट. ओडी कापण्याच्या अक्षापासून ०.१० फिरत असेल तर एवढाच फरक पडतो. समोरासमोरच्या दोन दातांची सरासरी घ्या, ओडीचा वाकडेपणा बराचसा निघून जातो. म्हणूनच आम्ही एका नगावर चार दात मोजतो, नव्वद-नव्वद अंशांवर. मात्र सरासरी मर्यादेत आली म्हणून नग पास करू नका. ओडी बोअरशी वाकडी आहे की दातच बोअरशी वाकडे कापले गेलेत, हे व्हर्नियर सांगत नाही, आणि स्पॅनही सांगत नाही. दोन्ही प्रकारांत स्पॅन सगळीकडे सारखंच येईल. नग मँड्रेलवर घेऊन दातांच्या खोबणीत पिन ठेवून डायल फिरवावाच लागतो. ओडी वाकडी असेल तर जोडीला काही होत नाही. दात वाकडे असतील तर आधी मँड्रेलची झीज बघा.

सूत्र कुठे लावायचं नाही

ड्रॉइंगवर करेक्शन किंवा प्रोफाइल शिफ्ट लिहिलेलं असेल तर ९० भागिले दात हा कोन चालत नाही. तिथे पिच सर्कलवर दात आणि खोबण सारखे नसतात, त्यामुळे दाताची खरी कंस जाडी आधी काढून, तिला पिच व्यासाने भागून कोन रेडियनमध्ये घ्यावा लागतो. सतरापेक्षा कमी दातांचे पिनियन बऱ्याचदा असे असतात. मूळ ड्रॉइंग नसलेला, नमुन्यावरून कॉपी केलेला पिनियन आला आणि ओडी दातांत दोन मिळवून मॉड्यूलने गुणायच्या हिशेबापेक्षा बरीच मोठी भरली, तर "ओडी चुकली" म्हणून कापायला घेऊ नका. आधी करेक्शनचा संशय घ्या आणि स्पॅनवरून खात्री करा.

एक मॉड्यूलच्या खाली मी व्हर्नियर काढतच नाही. तिथे दाताची जाडी दीड मिलिमीटर किंवा त्याहून कमी, जबड्यांच्या टोकांची झीजच हिशेबापेक्षा मोठी ठरते. पिनवरचं माप घ्या. उलट मोठ्या मॉड्यूलला, जिथे स्पॅनचा मायक्रोमीटर पोचत नाही किंवा मशीनवरून जॉब न उतरवता एखादाच दात बघायचा असतो, तिथे हा व्हर्नियर अजूनही कामाचा आहे.

परत आलेल्या मालाचं काय झालं? हार्डनिंग नव्हतं म्हणून वाचलो. प्रत्येक नग मशीनवर चढवून, हॉब जुन्या खोबणीत बरोबर मधोमध बसवून, ०.०७ आत घेतला. खोबणीत मध्य साधायला नगामागे वीस-वीस मिनिटं गेली आणि पहिल्या दोन नगांना एकाच बाजूने खाल्लं गेल्यामुळे ते भंगारात टाकावे लागले. लाल क्रेटमधले चार नग मात्र तसेच, काही न करता, पार्टीला पाठवले.